कंसाबाहेरची माणसं

चाकणला कास्टिंगची क्वालिटी पाहणाऱ्या ओळखीच्या एका इंजिनिअरला बरेच महिने एकाही कन्सल्टन्सीचा फोन आला नव्हता. मग त्याने रेझ्युमेत `HPDC` ही चार अक्षरं घातली आणि फोन सुरू झाले. काम तेच होतं आणि अनुभवही तेवढाच. ‘हाय प्रेशर डाय कास्टिंग’ असं त्याने आधी पूर्ण लिहिलेलंच होतं. त्या चार अक्षरांनी नेमकं काय केलं, हे मला पाहायचं होतं, म्हणून पिंपरीच्या एका रिक्रुटमेंट कन्सल्टन्सीत जाऊन बसले.

माझ्या शेजारी बसलेली रिक्रुटर वाहन उद्योगाच्या जागा भरते. त्या दिवशीची रिक्वायरमेंट होती अॅल्युमिनियम डाय कास्टिंगच्या कारखान्यासाठी क्वालिटी इंजिनिअरची, अनुभव सहा ते बारा वर्षं. जॉब पोर्टलच्या डेटाबेसमध्ये लाखो रेझ्युमे असतात. “मॅडम, दिवसाला चाळीस नीट वाचून होतात,” ती म्हणाली. “त्यापुढे नुसती नजर फिरते.” त्या चाळिसांपर्यंत पोचण्यासाठी ती एक ओळ लिहिते. तिच्या भाषेत, स्ट्रिंग लावते.

शेजारच्या नव्या मुलीने पहिली स्ट्रिंग लावली होती:

```
"quality engineer" AND "die casting" OR HPDC
```

दोन हजारांहून जास्त रेझ्युमे आले. त्यात मशीन ऑपरेटर होते, डाय डिझायनर होते, मेंटेनन्सवालेही होते. “अगं, कंस कुठे गेला?” एवढंच ती म्हणाली. बहुतेक यंत्रणा `AND` आधी सोडवतात आणि `OR` नंतर. त्यामुळे या ओळीचा अर्थ झाला, क्वालिटी इंजिनिअर आणि डाय कास्टिंग दोन्ही लिहिलेले लोक, किंवा मग `HPDC` लिहिलेलं कोणीही. अवतरण चिन्हांमुळे दोन शब्द लागोपाठ शोधले जातात. ती काढली, तर ‘क्वालिटी’ एका पानावर आणि ‘इंजिनिअर’ दुसऱ्या पानावर असलेला माणूसही आत येतो.

मग तिने स्वतः लिहायला घेतलं. एकाच कामाला लोक किती नावं देतात, तेवढी ती एका कंसात `OR` ने जोडत जाते. वेगवेगळ्या अटींचे कंस `AND` ने बांधते. `PDC` घातल्यावर कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या क्वालिटी विभागातले काही लोक डोकावले, कारण तिकडे त्याच तीन अक्षरांचा अर्थ पुढच्या तारखेचा चेक होतो. वाहन उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्राची अट जोडताच ते गेले. पण त्या प्रमाणपत्राचंही नाव 2016 मध्ये बदललं. आधीचं `TS 16949` तेव्हापासून `IATF 16949` झालं, आणि ज्यांनी रेझ्युमेचा तो भाग नंतर हाताळलाच नाही त्यांच्याकडे अजून जुनंच नाव आहे. नुसतं नवं नाव टाकलं असतं, तर अनुभवी माणसंच गळली असती.

```
("quality engineer" OR "QA engineer" OR "quality assurance")
AND ("die casting" OR diecasting OR HPDC OR PDC)
AND ("IATF 16949" OR "TS 16949")
NOT trainee
```

शेवटच्या ओळीआधी 312 रेझ्युमे होते. शेवटची ओळ क्लायंटच्या आग्रहाची, नवशिके नकोत म्हणून. ती लावली आणि 118 उरले.

इथे बहुतेक जण थांबून वाचायला लागतील. तिने `NOT` खोडून त्या जागी `AND` लिहिलं. आता पडद्यावर फक्त ते 194 जण होते, ज्यांना त्या एका शब्दाने बाहेर काढलं होतं. तिसराच रेझ्युमे अकरा वर्षांच्या अनुभवाचा होता. लीक टेस्टमध्ये नापास होणारे हाउसिंग, त्यातली पोरॉसिटी, ती कमी करण्यासाठी व्हॅक्यूमवर केलेलं काम, सगळं तपशिलात लिहिलेलं. आणि अगदी तळाशी, पहिल्या नोकरीचं पद: ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी. आपल्याकडे मोठ्या कारखान्यात शिरलेला इंजिनिअर बहुधा याच पदावरून सुरुवात करतो. म्हणजे नवशिके टाळण्यासाठी लावलेली अट चांगल्या कारखान्यांत रीतसर शिकलेल्यांनाच बाहेर ठेवत होती.

घरी आल्यावरही माझ्या डोळ्यांसमोर तो तिसरा रेझ्युमे येत राहिला. कुणी त्याला वाचून नाकारलं नसतं. तो कुणाला दिसलाच नसता.

तिने `NOT trainee` काढून टाकलं आणि अनुभवाच्या वेगळ्या रकान्यात सहा ते बारा वर्षं भरली. 86 उरले. दोन दिवसांचं वाचन. चाळीस आणि चाळीस, वर सहा.

जॉर्ज बूल या गणितज्ञाने 1854 च्या ग्रंथात मांडलेलं तर्काचं बीजगणित या ओळीच्या मुळाशी आहे, आणि त्यात कमी-जास्त असं काही नसतं. रेझ्युमे अटीत बसतो किंवा बसत नाही. `HPDC` वर अकरा वर्षं घालवलेला आणि ‘HPDC मध्ये संधी हवी आहे’ असं लिहिणारा, दोघेही सारखेच आत येतात.

गुण देणारी पद्धत वेगळी चालते. तिथे कुणी बाहेर जात नाही, सगळ्यांना क्रम मिळतो. तिने तेच 312 रेझ्युमे कार्यालयातल्या गुणांकन करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून दाखवले. अशा गुणांकनामागचा एक जुना विचार कॅरेन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडला होता: जो शब्द थोड्याच कागदांत सापडतो त्याला जास्त वजन द्यावं. ‘क्वालिटी’ सगळ्यांकडेच असल्यामुळे त्याने फारसा फरक पडत नाही. ‘पोरॉसिटी’ मोजक्यांकडे असते, म्हणून ती वर नेते. त्यात शब्द किती वेळा आला, पदाचं नाव किती जुळलं, अनुभव किती ताजा आहे, असे इतर गुण मिसळतात. प्रमाणपत्राचं नाव राहून गेलं तरी माणूस यादीतून जात नाही, फक्त खाली सरकतो. ही या पद्धतीची खरी माया आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

पण यादीच्या वरच्या भागात एक रेझ्युमे होता, ज्यात शेवटी कौशल्यांची लांबच लांब रांग लावलेली आणि डाय कास्टिंग पुन्हा पुन्हा लिहिलेलं. आमचा अकरा वर्षांचा माणूस त्र्याहत्तरावा. तो यादीत होता, हे खरं. पण वाचणारी चाळिसावर थांबते.

मी विचारलं, हा त्र्याहत्तरावा का? तिने पडद्यावरचा आकडा दाखवला: 58. त्यापलीकडे सॉफ्टवेअर काहीच सांगत नव्हतं. कोणत्या गोष्टीचे किती गुण गेले, पदाच्या नावाला किती वजन होतं, हे तिला दिसत नाही, त्यामुळे बदलताही येत नाही. आणि काही क्लायंट सांगून ठेवतात की साठच्या खालचे पाठवूच नका. तेवढं सांगितलं, की गुणांकनही आत-बाहेरच करायला लागतं, फरक इतकाच की कंस कुठे पडला ते कळत नाही.

म्हणून मी तिच्या स्ट्रिंगच्या बाजूची आहे. स्ट्रिंग कठोर आहे, पण तिचा प्रत्येक शब्द वाचता येतो आणि एखाद्यावर अन्याय करणाऱ्या शब्दावर बोट ठेवता येतं. अर्थात, बोट ठेवणारं कोणी हवं. तिच्याकडे त्यासाठी एक साधी सवय आहे. क्लायंटने मागे नेमलेल्या आणि कामात उतरलेल्या एखाद्या इंजिनिअरचा रेझ्युमे ती जवळ ठेवते आणि नव्या स्ट्रिंगमध्ये तो सापडतो का, ते आधी पाहते. तो निसटला, तर चूक स्ट्रिंगची.

गुणांकन ती टाकून देत नाही. आधी स्ट्रिंगने 86 काढते, मग वाचायला कुठून सुरुवात करायची एवढ्यापुरते गुण वापरते, आणि 86 च्या 86 वाचते. स्कॅन करून चढवलेले रेझ्युमे मात्र या दोन्हींतून निसटतात. मजकूर ओळखणारी सोय नसेल तर यंत्रणेच्या लेखी ते पान कोरं असतं. असे उमेदवार तिला अजूनही कारखान्यातल्या कुणाच्या तरी ओळखीतूनच मिळतात.

दुपारी तिने त्या अकरा वर्षांच्या इंजिनिअरला फोन लावला. “सर, दोन मिनिटं आहेत का? नोटीस पिरियड किती आहे तुमचा?” तीन महिने, तो म्हणाला. क्लायंटला दीड महिन्यात माणूस हवा होता. तिने तरी त्याचा रेझ्युमे पाठवला, वर दोन ओळींची शिफारस लिहून, आणि पुढचा नंबर फिरवला.