वर गेलं, गार झालं

जलचक्राचं गाणं रचताना यमकापेक्षा क्रम सांभाळणं अवघड असतं. समजा, ओळी अशा आहेत:

ऊन पडलं, पाणी उडालं, वाफ होऊन वर गेलं,
वर गेलं, गार झालं, थेंब होऊन ढगात आलं,
ढगात आलं, जड झालं, पाऊस होऊन नदीत गेलं!

एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीची सुरुवात करतो, त्यामुळे बाष्पीभवन, संघनन आणि पर्जन्य यांची अदलाबदल करायला गेलं तर गाणंच अडखळतं. ‘गार झालं’ हे दोन शब्द मात्र गाळू नयेत. बरीच गाणी वाफेचा थेट ढग करतात. खरं तर वाफ डोळ्यांना दिसतच नाही. ती थंड होऊन हवेतल्या धूलिकणांवर बारीक थेंब धरते, तेव्हा ढग दिसतो. ‘वाफ’ म्हटलं की मुलांना उकळता चहा आठवतो, म्हणून सावलीत वाळणारा ओला रुमालही दाखवावा.

पाठांतर झालं की बर्फाच्या पाण्याचा स्टीलचा पेला समोर ठेवा आणि बाहेरचे थेंब कुठून आले ते विचारा. ‘पेला गळतोय’ असं उत्तर आलं, तर दुसरी ओळ नुसतीच तोंडपाठ झाली आहे.