पैसे हाती आले नाहीत, तरी विक्री झाली

साताऱ्यातल्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२१ पासून दर महिन्याच्या ५ तारखेला एका इंडेक्स फंडात त्यांचे ५,००० रुपये जातात. २० मार्च २०२५ ला त्यांनी सगळी रक्कम त्याच फंडाच्या रेग्युलर प्लॅनमधून डायरेक्ट प्लॅनमध्ये वळवली. बँक खात्यात एक रुपयाही आला नाही. साहजिकच विवरणपत्रात काही दाखवायचं असेल, असं त्यांना वाटलं नाही. आयकर खात्याच्या पोर्टलवरच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, मात्र २,६२,००० रुपयांची विक्री नोंदलेली होती.

अशा बदलाला स्विच म्हणतात आणि कायद्याच्या दृष्टीने ती जुन्या युनिटची विक्री नि नव्याची खरेदी असते. एआयएसमधला हा मोठा आकडा पाहून पुष्कळ जण घाबरतात. पण कर विक्रीच्या रकमेवर नसतो, नफ्यावर असतो. तो नफा भांडवली नफ्याच्या अहवालात दिसतो, आणि म्हणूनच हा कागद दरवर्षी काढून ठेवावा.

अहवालात आधी घेतलेलं युनिट आधी विकलं, असं धरतात. बाईंचे ४४ हप्ते झाले होते. पहिल्या ३२ हप्त्यांना वर्ष उलटून गेलं होतं. त्यांची खरेदी १,६०,००० रुपयांची आणि विक्री २,०४,००० रुपयांची, म्हणजे ४४,००० रुपये दीर्घकालीन नफा. शेवटच्या १२ हप्त्यांचे ६०,००० रुपये बाजार उतरल्याने ५८,००० झाले होते, म्हणजे २,००० रुपये अल्पकालीन तोटा. तोटा वजा जाता ४२,००० रुपये उरतात. शेअरवर आधारित फंडांच्या दीर्घकालीन नफ्यापैकी वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या रकमेवर कर नाही. त्यापुढे २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के. बाईंना कर शून्य. तरीही हे व्यवहार विवरणपत्रात दाखवावे लागतात, आणि अल्पकालीन व्यवहार असल्यामुळे नेहमीचा सोपा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. ही गोष्ट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कळली तर धांदल उडते. तोटा नफ्यात पूर्ण जिरला नसता, तर तो पुढच्या ८ वर्षांपर्यंत ओढता आला असता, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच.

अहवाल मिळवणं सोपं आहे. बहुतेक म्युच्युअल फंडांच्या नोंदी कॅम्स किंवा केफिनटेक यांच्याकडे असतात. त्यांच्या संकेतस्थळावर पॅन आणि नोंदवलेला ईमेल देऊन आर्थिक वर्ष निवडलं की अहवाल येतो. चूक होते ती एकाचाच अहवाल घेऊन थांबण्यात. एखाद्या जुन्या फोलिओवर दुसराच ईमेल असेल, तर तोही निसटतो. अहवालांतल्या विक्रीची बेरीज एआयएसमधल्या विक्रीशी ताडून पाहावी. बेरीज कमी भरली, तर कुठला तरी फोलिओ राहिला आहे.

एनपीएसचं वर्गणीपत्रक मात्र एप्रिलमध्येच उतरवून घ्यावं आणि प्रत्येक हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला ते पाहावं. मार्चअखेरीस भरलेला हप्ता एप्रिलमध्ये जमा झालेला दिसला, तर तो कोणत्या वर्षात धरायचा याचा उलगडा तेव्हाच करून घेता येतो. स्वतः भरलेल्या पैशांवरची ५०,००० रुपयांची जादा वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आणि टियर १ खात्यालाच मिळते. मालकाने भरलेला भाग वेगळा लिहावा, कारण त्याची वजावट नव्या प्रणालीतही आहे.

कार्यालय जानेवारी-फेब्रुवारीत पुरावे मागतं. त्यानंतर भरलेला आरोग्यविम्याचा हप्ता फॉर्म १६ मध्ये येत नाही, पण जुन्या प्रणालीत विवरणपत्र भरताना तो स्वतः दाखवता येतो. विवरणपत्राला कागद जोडायचे नसतात. पॉलिसी क्रमांकासारखा तपशील मात्र विचारला जातो आणि नोटीस आली तर पावती लागते. तेव्हा पावती मिळेल त्याच दिवशी त्या आर्थिक वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकावी. फाइलच्या नावात तारीख, कशाची आणि रक्कम एवढं असलं की पुरे.

खरेदीचे कागद मात्र वर्षाच्या फोल्डरमध्ये गाडू नयेत. त्यांचं वेगळं फोल्डर हवं आणि युनिट विकून त्या वर्षाच्या करआकारणीचा विषय मिटेपर्यंत ते राहायला हवं. ३१ जानेवारी २०१८ किंवा त्यापूर्वी घेतलेले शेअर आणि इक्विटी फंड आजही कुणाकडे असतील, तर त्यांच्या किमतीसाठी त्या दिवसाचा भावही लागतो.

बाईंच्या या फोल्डरमध्ये आता स्विचचा कागद आहे. नव्या युनिटची खरेदी २,६२,००० रुपयांची आणि तारीख २० मार्च २०२५. पहिल्या हप्त्याची ऑगस्ट २०२१ ही तारीख आता लागू नाही. जानेवारी २०२६ मध्ये मुलीच्या फीसाठी यातली युनिट विकली, तर नफा अल्पकालीन ठरून त्यावर २० टक्के कर लागतो. मार्चअखेरपर्यंत थांबता आलं, तर तोच नफा दीर्घकालीन होऊन सव्वा लाखाच्या सवलतीत बसतो.