शिकवण्यासाठीच आहे ना, मग परवानगी कशाला?

हुबळी-धारवाडात संगणकाचे वर्ग चालवणारं कुणी पुस्तक काढायला निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "शिकवण्यासाठीच आहे, स्क्रीनशॉटला कसली परवानगी?" एका मास्तरांनी एक्सेलवरच्या आपल्या मराठी पुस्तकाची प्रुफं मला वाचायला दिली, तेव्हाही तेच. "कायद्यातच सवलत आहे," ते म्हणाले. सवलत आहे हे खरं. ती कुणाला आहे, हे मात्र कुणी वाचत नाही, आणि त्याचाच मला राग येतो.

1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला शिकवण्याच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढू देतं. वर्गात स्क्रीनशॉट पडद्यावर दाखवला, आपल्या मुलांना त्याची पानं वाटली, तर काही अडचण नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रामेश्वरी फोटोकॉपी खटल्यात 2016 साली उच्च न्यायालयाने या सवलतीचा अर्थ बराच विस्तारलाही. शिकवणं म्हणजे फक्त तासाची घंटा ते घंटा नव्हे, असं ठरलं. या निकालाचा आधार सगळे घेतात. पण तिथे प्राध्यापकांनी अभ्यासक्रमासाठी निवडलेली पानं त्याच विद्यार्थ्यांसाठी झेरॉक्स होत होती. आणि अपिलात खंडपीठानेही सरसकट मोकळीक दिली नाही. घेतलेला मजकूर त्या शिकवण्यासाठी खरोखर गरजेचा होता का, हे तपासायला दावा परत पाठवला.

आता मास्तरांचं पुस्तक घ्या. ते दुकानात विकलं जाणार, आणि विकत घेणारा त्यांचा विद्यार्थी असेलच असं नाही. पैसे घेऊन दाखवलेल्या व्हिडिओचं तेच. कंपनीच्या संकेतस्थळावर तर शिकवणंच नसतं, तिथे आपला माल विकायचा असतो. वर्गाची सवलत दुकानापर्यंत ताणून नेता येईल यावर मी तरी छपाईचा खर्च लावणार नाही.

"पण चित्र मी स्वतः काढलंय," हा पुढचा युक्तिवाद. बटण तुम्ही दाबलंत, पडद्यावरची चिन्हं आणि मांडणी दुसऱ्याने केली. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून लेखक होता येत नाही, तसंच हे.

खरं तर वाट सोपी आहे. मायक्रोसॉफ्टने पुस्तकं, प्रशिक्षण व्हिडिओ, संकेतस्थळं यांसाठी आपल्या सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट वापरण्याची परवानगी आधीच जाहीर केली आहे. वेगळं पत्र लिहावं लागत नाही. अटी मात्र पाळाव्या लागतात. आकार लहानमोठा करता येतो, पण चित्रात दुसरा बदल नको. तुकडा कापून वापरायचा नाही. बाजारात न आलेल्या चाचणी आवृत्तीचा पडदा नको. चित्रात तिसऱ्या कुणाची सामग्री नको, ओळखू येईल असा माणूस नको. आणि श्रेयाची ओळ हवी: `Used with permission from Microsoft.`

मास्तरांच्या प्रुफांत यातलं बरंच काही मोडलेलं होतं. एका चित्रात पडद्याचा फक्त कोपरा कापून घेतला होता आणि त्यावर लाल बाण. दुसऱ्यात तक्त्याशेजारी इंटरनेटवरून उचललेला एका मॉडेलचा फोटो. तिसऱ्यात एका दुकानाची खरी वही: गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, उधारी. या शेवटच्या चित्रातली अडचण कॉपीराइटची नाही, तरी सगळ्यात आधी तेच काढायला हवं होतं.

आम्ही पूर्ण खिडकीचे नवे स्क्रीनशॉट घेतले. त्याआधी "अबक ट्रेडर्स" नावाचा बनावट तक्ता भरला. बाण चित्रातून काढून, कुठल्या बटणाकडे बघायचं ते खालच्या ओळीत लिहिलं. परवानगीचं पान त्या दिवशीच्या तारखेसह पीडीएफ करून ठेवलं, कारण कंपन्या अटी बदलतात. दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर तिचं पान शोधायचं. तसं पान नसेल तर पुस्तकाचं नाव, प्रतींचा अंदाज आणि नेमके स्क्रीनशॉट जोडून विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं. कायद्यातला परवाना लेखीच असतो. ईमेलला उत्तर आलं नाही म्हणजे होकार नव्हे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दहा टक्के घेतलं तर चालतं, असा आकडा कायद्यात कुठेही नाही. कंपनीचं नाव खाली छापलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. © चिन्ह दिसलं नाही म्हणून कृती मोकळी होत नाही; आपल्याकडे हक्कासाठी नोंदणीही लागत नाही. सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे ते वापरण्याचा परवाना घेतला, छापण्याचा नव्हे. परीक्षणात मुद्दा दाखवायला एखादा स्क्रीनशॉट घेतला तर कलम 52मधली टीका-परीक्षणाची सवलत आहे, पण ती प्रत्येक प्रकरणात किती घेतलं आणि कशासाठी, यावर तोलली जाते. आणि स्क्रीनशॉटची परवानगी म्हणजे लोगोची नव्हे. मास्तरांनी मुखपृष्ठावर एक्सेलचं हिरवं चिन्ह मोठं छापलं होतं. तो ट्रेडमार्कचा वेगळा विषय. मुखपृष्ठावर आता नुसतं पुस्तकाचं नाव आहे.