दोन लाख भरले, हप्ता तोच ठेवला, मग मुदत नेमकी किती कमी होते?

शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावात पगारदार माणसाकडेही पैसा दोन वाटांनी येतो. पगार दर महिन्याला येतो, आणि घरच्या शेतीचा पैसा, म्हणजे कापसाचा किंवा उसाचा, वर्षातून एकदोनदा एकदम हातात येतो. गृहकर्ज मात्र ठरलेल्या मासिक हप्त्याचं असतं. म्हणून कापूस विकला की प्रश्न पडतो, ही रक्कम कर्जात भरली तर काय होईल? बँकेत याला सरळ ‘पार्ट पेमेंट’ म्हणतात. आज या एकाच प्रश्नाचं गणित बघू. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यात एक सापळाही सापडेल.

उदाहरण समजा असं आहे. एका शिक्षकाने २० लाखांचं कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलं. हप्ता बसतो १७,३५६ रुपये. पाच वर्षांत ६० हप्ते, म्हणजे जवळपास १० लाख ४१ हजार रुपये भरून झाले. तरी शिल्लक मुद्दल आहे सुमारे १७ लाख ६२ हजार ५०० आणि हप्ते उरलेत १८०. आता ते २ लाख भरतात आणि हप्ता तोच ठेवतात.

बहुतेक जण इथे सरळ भागाकार करतात. २ लाख भागिले १७,३५६ म्हणजे साडेअकरा, तेव्हा ‘वर्षभराचे हप्ते वाचले’. खरं उत्तर आहे ३६ हप्ते. १८० चे १४४ होतात आणि शेवटचा हप्ताही पूर्ण नसतो, साडेचौदा हजारांच्या आसपास असतो.

एवढा फरक का? पार्ट पेमेंटने पुढच्या महिन्याचे हप्ते माफ होत नाहीत, ते चालूच राहतात. कमी होतात ते रांगेच्या शेवटचे हप्ते. आणि शेवटचे हप्ते आजच्या भावात फार स्वस्त असतात. पुढच्या महिन्याचा हप्ता आज फेडायचा तर १७,२३४ रुपये लागतील, कारण त्यात एकाच महिन्याचं व्याज आहे. पण १८० महिन्यांनंतरचा हप्ता आज फेडायला फक्त ४,८७२ रुपये लागतात. बाकीचं सगळं पंधरा वर्षांचं व्याज आहे. २ लाखांत असे शेवटून मोजत गेले तर ३६ हप्ते बसतात.

याची खूण पासबुकातही दिसते. पार्ट पेमेंट केलं नसतं तर पुढच्या हप्त्यातले सुमारे १२,४८५ रुपये व्याजात गेले असते आणि मुद्दलात फक्त ४,८७२. (हा तोच आकडा आहे. शेवटच्या हप्त्याची आजची किंमत आणि पुढच्या हप्त्यातला मुद्दलाचा भाग नेहमी सारखाच येतो.) २ लाख भरल्यावर व्याज ११,०६८ वर येतं आणि मुद्दलात ६,२८८ जातात. हप्ता तोच, पण त्यातला मुद्दल फेडणारा भाग मोठा झाला. दर महिन्याला तो आणखी वाढत जातो आणि मुदत आटते.

सूत्र असं आहे. `B` म्हणजे शिल्लक मुद्दल, `E` हप्ता, `r` मासिक दर (वार्षिक दर भागिले १२):

```
n = -ln(1 - r*B/E) / ln(1 + r)
```

स्प्रेडशीटमध्ये हेच एका ओळीत होतं:

```
=NPER(8.5%/12, -17356, 1562544)
```

उत्तर १४३.८ च्या आसपास येईल. म्हणजे १४३ पूर्ण हप्ते आणि एक छोटा. सूत्राची मर्यादाही त्यातच दिसते. `r*B` हे `E` च्या जवळ जायला लागलं की मुदत झपाट्याने वाढते, आणि बरोबरीला आलं की कर्ज कधीच फिटत नाही, कारण सगळा हप्ता व्याजातच जातो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढला तेव्हा अनेकांचे हप्ते तेच राहिले आणि मुदती लांबल्या, त्यामागे हेच गणित होतं. आपल्या शिक्षकाचा दर ९.५ झाला असता, तर हप्ता तोच ठेवून १८० चे २०७ हप्ते झाले असते.

आता सापळा. २ लाख भरल्यामुळे एकूण किती वाचले? आधी भरायचे होते १८० हप्ते, म्हणजे ३१ लाख २४ हजार. आता भरायचे सुमारे २४ लाख ९६ हजार. फरकातून आपले २ लाख वजा केले तर व्याजाची बचत ४ लाख २७ हजार. हेच २ लाख पाचव्याऐवजी पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले असते, तर साठातले सोळा हप्ते वाचले असते आणि व्याज फक्त ८९ हजारांनी कमी झालं असतं. यावरून ‘लवकर भरणं पाचपट फायद्याचं’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो.

तो बरोबर नाही. ४ लाख २७ हजारांची बचत आज हातात येत नाही, ती बारा ते पंधरा वर्षांनी न भराव्या लागणाऱ्या हप्त्यांतून येते. दुसऱ्या प्रसंगातले ८९ हजार साडेतीन ते पाच वर्षांत येतात. दोन्हीकडे २ लाखांवर मिळणारा परतावा एकच आहे, वर्षाला ८.५ टक्के, म्हणजे कर्जाचाच दर. फरक इतकाच की पहिल्यात पैसा जास्त वर्षं कामाला लागला. वेगवेगळ्या काळातले रुपये नुसते बेरजेला धरले की असा गोंधळ होतो. प्रबंधात ‘वाचलेलं व्याज’ हे मोजमाप वापरणार असाल तर आधी सगळ्या रकमा एका तारखेच्या भावात आणा.

व्यवहारातला निर्णयही यावरूनच लागतो. त्याच घरात जास्त दराचं सोनेतारण किंवा सावकाराचं देणं असेल, तर २ लाख आधी तिथे जायला हवेत, गृहकर्जाचे ३६ हप्ते कितीही मोठे वाटले तरी. आणि सगळी शिल्लक कर्जात घालून पुढच्या पेरणीला चढ्या दराने उसने घ्यावे लागले, तर बचत तिथेच संपते.

शेवटी तपासणी. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली आहे. स्थिर दराचं कर्ज असेल तर करारातली अट वाचा. पैसे भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लेखी द्या. नाहीतर मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला जाऊ शकतो. आपल्या उदाहरणात तो १५,३८७ होईल आणि १८० महिने चालूच राहील. कधीकधी रक्कम आगाऊ हप्ते म्हणूनही जमा धरली जाते.

हे ओळखायला पुढच्या महिन्याचा उतारा पुरेसा आहे. त्या महिन्याचं व्याज नव्या शिल्लक मुद्दलाला मासिक दराने गुणून येतं का बघा. आपल्या शिक्षकाला ११,०६८ च्या जवळचा आकडा दिसला पाहिजे. १२ हजारांच्या वर दिसला, तर २ लाख अजून मुद्दलातून वजा झालेले नाहीत. तो उतारा घेऊन शाखेत जा आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या.