वहीच्या पानाचा फोटो आणि "सगळ्यात कमी काय खपलं?"

आपल्याकडे बऱ्याच घरांत छोटा धंदा चालतो, आणि त्याचा हिशेब वहीत असतो. आपा किंवा अम्मी वहीच्या पानाचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "बघ रे, यातला कुठला माल बंद करू?" उत्तर सोपं वाटतं, पण इथेच चूक होते आणि चालणारा माल बंद पडतो.

एका घरगुती बेकरीचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. वर्ष २०२५, विक्री रुपयांत:

| माल | जाने. | फेब्रु. | मार्च | एप्रिल | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| नानखटाई | ६,२०० | ६,००० | ११,४०० | ५,८०० | २९,४०० |
| टोस्ट | ५,१०० | ५,३०० | ४,२०० | ५,२०० | १९,८०० |
| खारी | ४,४०० | ४,५०० | ३,६०० | ४,३०० | १६,८०० |
| खजूर बिस्किट | – | – | ९,००० | २,४०० | ११,४०० |
| महिन्याची बेरीज | १५,७०० | १५,८०० | २८,२०० | १७,७०० | ७७,४०० |

आधी फोटो नीट वाचा

फोटो वहीच्या अगदी वरून काढा. चारही कडा आणि खालची बेरीज त्यात दिसली पाहिजे. व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आकडे पुसट होत नाहीत.

हाताने लिहिलेल्या १ आणि ९ मध्ये हमखास गोंधळ होतो. समजा, जानेवारीचे टोस्टचे ५,१०० तुम्ही ५,९०० वाचले. तुमची बेरीज १६,५०० येईल, पण वहीत खाली १५,७०० लिहिलेले आहेत. फरक ८०० चा, म्हणजे शंभराच्या घरात १ चा ९ झाला. म्हणून तुमची बेरीज वहीतल्या बेरजेशी ताडून पाहा. तुम्ही टाकलेल्या आकड्यांची आडवी आणि उभी बेरीज एकमेकांशी जुळते, तेवढ्यावर खूश होऊ नका. आकडा चुकीचा वाचला तरी ती जुळतेच.

मग दोन गोषवारे काढा

मोबाइलवरच्या शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांत टाका. पहिल्या ओळीत महिने आणि A रकान्यात मालाची नावं ठेवली, तर नानखटाईची बेरीज आणि सरासरी अशी येईल:

```
=SUM(B2:E2)
=AVERAGE(B2:E2)
```

महिन्याच्या बेरजेसाठी हेच उभं करायचं: `=SUM(B2:B5)`.

आता खजूर बिस्किटाकडे पाहा. एकूण विक्री सगळ्यात कमी, ११,४००. घाईत कोणीही म्हणेल, "हेच बंद करा." पण जानेवारी-फेब्रुवारीत वहीत रेघ आहे, म्हणजे तेव्हा हा माल बनवलाच नव्हता. त्या रेघेच्या जागी तुम्ही 0 टाकलं, तर AVERAGE चार महिन्यांनी भागेल आणि २,८५० दाखवेल. खाना रिकामा ठेवला तर दोनच महिन्यांनी भागून ५,७०० येईल. माल होता पण विकला गेला नाही, तर शून्य. मालच नव्हता, तर रिकामा खाना. रेघेचा अर्थ कळत नसेल तर अंदाज करू नका, आपांनाच विचारा.

महिना कोणता होता, तेही बघा

२०२५ मध्ये आपल्याकडे रमजान २ मार्चला सुरू झाला आणि ईद ३१ मार्चला झाली. नानखटाई आणि खजूर बिस्किटाचा मार्चचा आकडा त्यामुळे फुगला. उलट, दिवसा चहा बंद असल्याने टोस्ट-खारी घटली. म्हणून मार्च बाजूला ठेवून उरलेल्या तीन महिन्यांची सरासरी काढली: नानखटाई ६,०००, टोस्ट ५,२००, खारी ४,४००.

म्हणजे बारमाही मालात सगळ्यात मागे खारी आहे. खजूर बिस्किट एप्रिलमध्ये २,४०० वर आलं. त्यावरून एवढंच दिसतं, की तो ईदपर्यंतचा माल असावा. रमजानबाहेरचा हा एकच महिना हाती आहे, त्यामुळे पक्का निकाल आणखी दोन-तीन महिन्यांनीच लावता येईल.

आपांना पाठवायचा निरोप असा असू शकतो: "मार्च सगळ्यात मोठा, २८,२००. नानखटाई पहिली. बारमाही मालात खारी शेवटी. खजूर बिस्किट बंद करू नका, रमजानमध्ये भरपूर आणि बाकी वेळी ऑर्डरप्रमाणे बनवा."

खारीही लगेच बंद करायची नाही. हे आकडे विक्रीचे आहेत, नफ्याचे नाहीत. मैदा, डालडा, गॅस आणि पॅकिंग वजा करून खारीत महिन्याला काय उरतं, ते वहीत अजून एका रकान्यात लिहा. टोस्टचंही तसंच लिहा. खारीत टोस्टपेक्षा जास्त उरत असेल, तर कमी खपूनही घर चालवायला तीच जास्त उपयोगी आहे.