अकरावर अडकलेला नॅस

लग्नाचं 60 जीबी चित्रण नॅसवर चढवायला दीड तास लागत असेल, तर वेग सेकंदाला साधारण 11 एमबी पडतो. हा आकडा दिसला की रोगाचं निदान जवळजवळ झालंच: जोडणी गिगाबिटऐवजी 100 मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटवर हेच काम नऊ-दहा मिनिटांचं.

अशा वेळी नॅसला दोष देण्याआधी वायर पाहावी. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटला दोनच पुरतात. प्लगमध्ये एक तार जरी नीट दाबली गेली नसेल, तरी उपकरणं गुपचूप खालच्या वेगावर समेट करतात आणि सगळं 'चालू' दिसतं. लिनक्सवर खात्री अशी करता येते (`eth0`च्या जागी आपल्या पोर्टचं नाव):

```
ethtool eth0 | grep Speed
```

`100Mb/s` दिसलं, तर आधी चांगली तयार पॅचकॉर्ड लावून पाहावी. स्विचही जुना 100 मेगाबिटचा नाही ना, हे तपासावं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल तर घेऊच नये.

दहा गिगाबिटला संगणक, स्विच आणि नॅस तिन्हीकडे तसे पोर्ट हवेत. कॅट 6 केबल त्यासाठी 55 मीटरपर्यंत चालते, कॅट 6ए 100 मीटरपर्यंत. पण एकटी हार्डडिस्क सेकंदाला 200-250 एमबीच देते. तिच्यासाठी अडीच गिगाबिटचा स्विच पुरेसा आहे, आणि त्याला भिंतीतली जुनी कॅट 5ई केबलही चालते.