उचल वेगळी, कर्ज वेगळं : दुकानातल्या पगाराच्या ॲडव्हान्सची पॉलिसी

दुकान सुरू करून दीड वर्ष झालं होतं. काउंटरवरचा एक मुलगा महिन्याच्या 12 तारखेला म्हणाला, "दादा, उद्यापासून येणार नाही, दुसरीकडे लागलोय." मी डायरी काढली. त्यात कुठे 500, कुठे 2000, एका ठिकाणी नुसतंच "दिले" असं लिहिलेलं. माझ्या हिशोबाने त्याच्याकडे 22,000 येणं होतं, त्याच्या हिशोबाने 14,000. सही एकाही नोंदीवर नव्हती. शेवटी त्याचं ऐकावं लागलं, आणि ते 14,000 सुद्धा पूर्ण आले नाहीत.

चूक त्याची कमी, माझी जास्त. दोन वेगळ्या गोष्टी मी एकाच डायरीत, एकाच नावाने लिहीत होतो.

उचल म्हणजे माणसाने कमावलेला पगार चार दिवस आधी देणं. कर्ज म्हणजे अजून न कमावलेला पगार देणं. उचलीत तुमची जोखीम जवळपास शून्य असते, कारण तो उद्या गेला तरी पैसे त्याच्या झालेल्या दिवसांत बसतात. कर्जात मात्र पुढचे आठ-दहा महिने तो तुमच्याकडे राहील, असं तुम्ही धरून चाललेले असता. म्हणून दोघांचे नियम वेगळे लागतात.

उदाहरणाला पगार 15,000 धरू, म्हणजे दिवसाला 500. माझ्याकडे उचलीचा नियम असा आहे : झालेल्या दिवसांच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत, महिन्यातून एकदाच. 20 तारखेला मागितली तर 20 दिवसांचे 10,000 झाले, उचल जास्तीत जास्त 5,000. पुढच्या पगारातून एकरकमी वळती. व्याज नाही. नवीन माणसालाही पहिला महिना झाला की मिळते. इथे फार चौकशी करत बसू नका. पैसे त्याचेच आहेत.

कर्जासाठी मी एक वर्ष पूर्ण झाल्याची अट ठेवली आहे. मर्यादा दोन पगारांची, म्हणजे इथे 30,000. आधीचं फिटल्याशिवाय दुसरं नाही. दवाखान्याचं कारण असेल तर सहा महिने झालेल्यालाही देतो, पण तेव्हा शक्यतो बिल थेट दवाखान्यात भरतो.

दोनच पगार का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर वसुलीच्या गणितात आहे. वेतन संहिता 2019 नुसार एका वेतनकाळात पगारातून होणारी एकूण कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये. पीएफ, ईएसआय असेल तर तेही यातच धरायचं. म्हणजे 15,000 वाल्याचे कायद्याने जास्तीत जास्त 7,500 कापता येतील. पण एवढे कापले तर तो 7,500 मध्ये घर कसं चालवणार? 15 तारखेला तो परत उचल मागायला येईल, तुम्ही द्याल, आणि कर्ज कागदावर फिटत असताना प्रत्यक्षात तेवढंच राहील. दर महिन्याला हप्ता जातोय आणि तेवढीच उचल परत निघतेय असं दिसलं, तर हप्ता जड झालाय हे ओळखा.

म्हणून हप्ता पगाराच्या पाचव्या भागाइतकाच ठेवा, म्हणजे 3,000. 30,000 दहा महिन्यांत फिटतात. कर्ज चालू असेपर्यंत उचलीची मर्यादा 5,000 वरून 3,000 वर आणा. नाहीतर 3,000 हप्ता आणि 5,000 उचल मिळून 8,000 कपात होते आणि तुम्ही नकळत निम्म्याची रेघ ओलांडता. यापेक्षा मोठं कर्ज दिलं तर फेड वर्षाच्या पुढे जाते, आणि दुकानातला माणूस किती वर्षं टिकतो हे आपल्याला माहीतच आहे!

आता व्याज. "महिना एक टक्का लावतो" असं सहज म्हटलं जातं, पण कशावर? मूळ 30,000 वर दहा महिने लावलं तर 3,000 होतात. दर महिन्याला उरलेल्या रकमेवर लावलं तर पहिल्या महिन्यात 300, मग 270, मग 240 असं उतरत एकूण 1,650. पहिल्या पद्धतीत तुम्ही फिटलेल्या पैशावरही व्याज घेताय. लावायचंच असेल तर घटत्या रकमेवर लावा आणि तसं कागदावर लिहा. मी लावत नाही. 1,650 रुपयांसाठी दर महिन्याला आकडेमोड, शिवाय "शेठ व्याजाने पैसे देतो" अशी कुजबुज, परवडत नाही.

कागद एक पानाचा पुरतो. रक्कम, तारीख, हप्ता, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात, पगारातून कापायला संमती, नोकरी सोडल्यास काय, आणि दोघांच्या सह्या. एक प्रत त्याला द्या. पैसे बँकेतून द्या. प्राप्तिकर कायद्यात 20,000 आणि त्यावरचं कर्ज रोखीत घ्यायला तशीही बंदी आहे. टॅलीत नोंद पगारखर्चात नको, `Loans & Advances (Asset)` या ग्रुपखाली त्याच्या नावाचं लेजर करा. पगारपत्रकावर पूर्ण 15,000 दाखवून 3,000 कपात वेगळी दाखवा. नुसते 12,000 दाखवले तर पुढे पगारच कमी होता असा अर्थ निघतो.

खरी परीक्षा माणूस सोडून जातो तेव्हा होते. समजा चार हप्ते गेले, 18,000 बाकी आहेत आणि तो 12 तारखेला सोडतोय. या महिन्याचे त्याचे 12 दिवसांचे 6,000 झाले. बरेच मालक ते सगळे अडवून ठेवतात. तसं करू नका. कपातीची निम्म्याची मर्यादा इथेही धरा : 3,000 वळते करा, 3,000 त्याच्या हातात द्या. तेही लगेच, कारण राजीनामा दिला तरी दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे.

उरले 15,000. त्यासाठी त्याच दिवशी दुसरा साधा कागद करा : बाकी इतकी, महिन्याला इतके, अमुक तारखेला खात्यात. नवीन ठिकाणी तो कमावणार आहे, 1,500 चा हप्ता तो देऊ शकतो. माझ्या अनुभवात बोलणं गोड ठेवलं तर बरेच जण देतात. नाही दिले तर नोटीस, दावा हे मार्ग आहेत, पण एवढ्या रकमेसाठी वकिलाची फी आधी विचारा. म्हणूनच मर्यादा दोन पगारांची : बुडाले तरी दुकान बुडू नये.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. एक, मूळ मार्कशीट किंवा आधार कार्ड अडकवून ठेवणं, किंवा दुसऱ्या कामगाराला जामीन घेणं. जामीन घेतलात तर एक जाताना दुसराही जातो. दुसरी, कागदावर "कर्ज फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही" असं लिहिणं. उचल हा शब्द आपल्याकडे ऊसतोडीतून ओळखीचा आहे, आणि उचलीपायी माणूस कसा अडकतो हेही. कर्जापोटी माणसाला कामाला बांधणं 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्याला जाऊ द्या. पैसे हा वेगळा व्यवहार आहे, त्याचा कागद तुमच्याकडे आहे.

शेवटचा हप्ता आला की मूळ कागदावर "पूर्ण फेड" लिहून तारीख टाका, सही करा आणि त्याचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा.